बाकी परत येते तेव्हा

१ भागिले ७ हा भागाकार कागदावर मांडू. १ ला ७ चा भाग जात नाही, म्हणून दशांशचिन्ह देऊन शून्य घेतला, दहा झाले. सात एके सात, बाकी ३. पुन्हा शून्य घेतला, तीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. वीसमध्ये सात दुणे चौदा, बाकी ६. साठमध्ये सात आठे छप्पन्न, बाकी ४. चाळीसमध्ये सात पाचे पस्तीस, बाकी ५. पन्नासमध्ये सात साते एकोणपन्नास, बाकी १.

इथे हात थांबतो. सुरुवात १ पासूनच झाली होती! पुढे तेच दहा, तेच सात एके सात. उत्तर ०.१४२८५७ १४२८५७… असे चालत राहणार, हे आता पुढचा एकही अंक न काढता सांगता येते.

लक्ष बहुतेकांचे भागाकाराच्या वरच्या ओळीकडे, म्हणजे उत्तराच्या अंकांकडे असते. खरा खेळ खाली, बाक्यांमध्ये चाललेला असतो. पुढचा अंक कोणता आणि पुढची बाकी कोणती, हे दोन्ही आत्ताच्या बाकीवरूनच ठरते. आधी काय घडले याच्याशी त्यांचा संबंध नाही. ७ ने भागताना बाकी ० ते ६ यांपैकीच काहीतरी असणार. शून्य आली तर भागाकार संपला. नाही आली, तर उरतात सहाच बाक्या, आणि सहा वापरून झाल्यावर सातवी नवी आणणार कुठून? म्हणून आवर्तन अटळ आहे, आणि त्याची लांबी छेदापेक्षा नेहमी किमान एकाने कमी असते.

उत्तरातला अंक पुन्हा दिसला म्हणून आवर्तन सुरू झाले, असे मानले की मात्र फसगत होते. १/१७ = ०.०५८८२३५२९४११७६४७… यात ८ लागोपाठ दोनदा येतो, पण पहिला ८ बाकी १५ मधून निघालेला आहे आणि दुसरा १४ मधून. येथे बाकी १ परत यायला पूर्ण सोळा पायऱ्या लागतात. आठ आकडी कॅल्क्युलेटरवर त्यातले अर्धेही आवर्तन दिसत नाही.

१/१२ मध्ये वेगळेच घडते. बाक्या येतात १, १०, ४, ४, ४… आणि उत्तर ०.०८३३३… इथे १ कधीच परत येत नाही. कारण १० वर शून्य घेतला तर शंभर होतात आणि बाकी ४ उरते. ४ वर शून्य घेतला तर चाळीस, तरी बाकी ४ च. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. १० आणि ४ यांत फरक ६ चा, त्याची दहापट ६०, आणि ६० ला १२ ने नि:शेष भाग जातो. हे जमले ते १२ आणि १० या दोघांत २ हा अवयव सामाईक असल्याने. छेदात २ किंवा ५ नसेल तर दोन वाटा अशा मिळूच शकत नाहीत. मग प्रत्येक बाकीच्या मागे एकच बाकी असते, आणि वर्तुळ जिथून निघाले तिथेच येऊन बंद होते.

मग १३ चे काय? बारा बाक्या शक्य आहेत, पण १ पासून निघाले की १, १०, ९, १२, ३, ४ आणि लगेच पुन्हा १. सहाच पायऱ्या! १/१३ = ०.०७६९२३… उरलेल्या सहा बाक्या कुठे गेल्या? त्या २/१३ मध्ये सापडतात: २, ७, ५, ११, ६, ८ आणि परत २. त्याचे उत्तर ०.१५३८४६…

ही दोन वर्तुळे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यातल्या प्रत्येक बाकीची दुप्पट करून १३ ने भागले की त्याच क्रमाने दुसरे वर्तुळ मिळते: १० चे वीस, बाकी ७, ९ चे अठरा, बाकी ५, १२ चे चोवीस, बाकी ११. म्हणजे दोन्ही वर्तुळे सारख्याच लांबीची असायलाच हवीत. छेद मूळ संख्या असेल, आणि ती २ किंवा ५ नसेल, तर सगळ्या बाक्या अशाच समान वर्तुळांत वाटल्या जातात. म्हणूनच आवर्तनाची लांबी छेदातून १ वजा केलेल्या संख्येचा विभाजक असते: ७ साठी ६ चा, १३ साठी १२ चा, १७ साठी १६ चा.

पण कोणता विभाजक, हे छेदाकडे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी बाक्यांच्या मागेच जावे लागते. गाउसने १८०१ च्या आपल्या अंकशास्त्राच्या ग्रंथात अशा आवर्तनांचे कोष्टक जोडले. नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनीही आवर्ती दशांशांच्या चक्रांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ७ आणि १७ यांच्यासारख्या, सगळ्या बाक्या एकाच वर्तुळात ओवणाऱ्या मूळ संख्या अनंत असाव्यात, असा अंदाज एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडला. त्याची सिद्धता अजून कोणालाही सापडलेली नाही.