उडीआधी उतरणं मोजा

भिंतीशी उभं राहून खडू लावलेलं बोट शक्य तितकं उंच टेकवा. मग उडी मारून पुन्हा टेकवा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उभी उडी. आता गुडघे वाकवून दोन सेकंद तसेच थांबा आणि मग उडी मारा. खूण बहुधा खाली येते. पटकन वाकून लगेच उसळलं की स्नायू आणि त्यांचे कंडरे ताणलेल्या रबरासारखे जोर परत देतात. थांबलं की तो विरून जातो. हा उसळीचा जोर वाढवणारे व्यायाम म्हणजे प्लायोमेट्रिक्स.

त्यांत उडीपेक्षा उतरण्याचा भार मोठा असतो, म्हणून हिशेबही पाय जमिनीला टेकण्याचाच ठेवायचा. दोन्ही पाय एकदम टेकले की एक.

चौदा वर्षांची, नव्याने सुरुवात करणारी व्हॉलीबॉलपटू घेऊ. सोमवारी आणि गुरुवारी, वॉर्म-अपनंतर पण सरावाआधी, म्हणजे पाय ताजे असताना तिचे व्यायाम. जागच्या जागी उडी मारून उतरल्यावर तीन सेकंद स्थिर राहायचं: पाचचे तीन सेट. वीतभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उतरून तसंच थांबायचं, तेही पाचचे तीन. शेवटी गुडघे फारसे न वाकवता घोट्यांच्या छोट्या उसळ्या, दहाचे दोन. एकूण पन्नास, आठवड्याला शंभर. सेटमध्ये मिनिटभर विश्रांती. इथे दम लागणं अपेक्षितच नाही. दोन आठवडे उतरणं नीट जमलं तर पुढचे दोन आठवडे दर वेळी साठ-पासष्ट, पाचव्या आठवड्यात चाळीसवर.

बहुतेकांचं गणित चुकतं ते यापुढे. स्पाइक, ब्लॉक, बास्केटबॉलचा रिबाउंड याही उड्याच आहेत. स्पर्धेच्या आठवड्यात त्या इतक्या होतात की वेगळे व्यायाम निम्मे करावेत किंवा सोडून द्यावेत. कमरेएवढ्या खोक्यावर चढण्याचे व्हिडिओ मुलांना फार आवडतात, पण त्यात बरंचसं कौतुक गुडघे छातीशी ओढण्याचं असतं. उंचावरून उडी टाकून लगेच उसळणं तर या वयात, नवशिक्याने, नकोच.

प्रशिक्षकाने समोरून पाहावं. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकले, विशेषतः मुलींमध्ये, तर आकडा वाढवायचा नाही. धप्प आवाज आला किंवा उडी उतरू लागली की सेट तिथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना वाटीखाली दुखलं तर उड्या बंद. आठवड्यात थांबलं नाही तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात वाटीखालच्या हाडाला कंडरा जिथे जोडलेला असतो, तो भाग नाजूक असतो. पँट अचानक आखूड व्हायला लागली की आकडा वाढवण्याचं काही महिने पुढे ढकलावं आणि खडूची खूण महिन्यातून एकदाच काढावी.