एस्टिमेटमध्ये नसलेलं बिल

सकाळी अकराच्या राउंडला डॉक्टर सांगतात, "आज घरी जायचं." पेशंट कपडे बदलतो, घरचे पिशव्या भरतात, कुणीतरी रिक्षावाल्यालाही सांगून ठेवतं. मग फाइल खाली जाते, फार्मसीचा हिशेब यायचा असतो, लॅबचा एक रिपोर्ट अडकलेला असतो. फायनल बिल हातात पडतं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. पेशंट दमलेला, नातेवाईक कंटाळलेले आणि आकडा ऐकलेल्या रकमेच्या दीडपट. अशा वेळी चार-पाच पानांचं बिल ओळ न् ओळ वाचायला कुणाला सुचणार? कार्ड पुढे केलं जातं.

त्या बिलात काय असतं, हे पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. माणसं काल्पनिक, आकडेही समजण्यापुरतेच. पण प्रकार रोजचा. नाशिकमधल्या एका शिक्षिकेची पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरते. विमा नाही. रुग्णालय तीन दिवसांचं एस्टिमेट देतं ते असं: खोलीचे रोज ४,००० प्रमाणे १२,०००, ऑपरेशन थिएटरचे २०,०००, सर्जनचे ३५,०००, भूलतज्ज्ञाचे १२,०००, तपासण्यांचे ६,००० आणि औषधांचे अंदाजे १०,०००. एकूण ९५,०००. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: "कन्झ्युमेबल्स व उपकरणे प्रत्यक्ष वापराप्रमाणे."

फायनल बिल येतं १,३८,४०० रुपयांचं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की गंमत दिसते. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांच्या रकमा जशाच्या तशा आहेत. खोलीचे तीनऐवजी चार दिवस लागले, म्हणून १६,०००. तपासण्या ८,४०० वर आणि औषधं १९,५०० वर गेली. उरलेल्या चार ओळी एस्टिमेटमध्ये नव्हत्याच: कन्झ्युमेबल्स १४,२००, उपकरणे ७,८००, 'लॅप किट' ४,५०० आणि नोंदणी, फाइल वगैरे १,०००. म्हणजे वाढलेल्या ४३,४०० रुपयांपैकी २७,५०० त्या बारीक अक्षरातल्या ओळीतून आणि किरकोळ खर्चातून आले. एस्टिमेट खोटं नव्हतं, अर्धवट होतं. दाखल होण्याआधी काउंटरवर एकच प्रश्न विचारायला हवा होता: "याच ऑपरेशनच्या मागच्या काही पेशंटांचं कन्झ्युमेबल्स आणि उपकरणांसकट बिल साधारण किती झालं?" बिलिंग विभागाला हा आकडा काढता येतो. तो एस्टिमेटवर लिहून, सही-शिक्क्यासह घेतला तर पुढचं बोलणं सोपं जातं.

कन्झ्युमेबल्स म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तू: सिरिंज, हातमोजे, सलाइनचा सेट, शिरेत घालायची कॅन्युला, नळ्यांच्या जोडावरचा तीन तोंडांचा छोटा प्लास्टिकचा कॉक. एकेकटी वस्तू स्वस्त वाटते, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. २०१७ साली गुरुग्राममध्ये डेंग्यूने दगावलेल्या एका लहान मुलीचं सुमारे १६ लाखांचं बिल देशभर गाजलं. त्यात ६६० सिरिंज आणि २,७०० हातमोजे असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा लोकांनी या ओळी पहिल्यांदा मोजल्या. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने नंतर दिल्ली परिसरातल्या रुग्णालयांची बिलं तपासली. त्यात ५ रुपये ७७ पैशांना घेतलेला तोच तीन तोंडी कॉक १०६ रुपयांना लावलेला आढळला. नफा १,७३७ टक्के! यात छापील किमतीचा नियम मोडलेला असेलच असं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. अशा बहुतेक वस्तूंना सरकारी कमाल किंमत नसते. एमआरपी कंपनी छापते, आणि ती जितकी फुगलेली तितकी विकणाऱ्याची कमाई मोठी. म्हणून "एमआरपीप्रमाणेच लावलंय" हे उत्तर खरं असूनही पोकळ असतं.

हृदयातल्या स्टेंटची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०१७मध्ये त्याची कमाल किंमत ठरली, आणि बिलात स्टेंटचा ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्र दाखवण्याचं बंधनही आलं. हातमोज्यांना असं काही संरक्षण नाही. म्हणून तिथे दरापेक्षा नगांवर बोट ठेवलेलं जास्त कामाला येतं.

नग मोजायचे कसे? वॉर्डातल्या औषधांच्या चार्टवरून. शिक्षिकाबाईंना दिवसातून तीनदा शिरेतून अँटिबायोटिक दिलं असेल, तर प्रत्येक वेळी एक सिरिंज औषधाला आणि एक नळी धुवायला, असे दिवसाला सहा नग होतात. त्यात वेदनाशामक इंजेक्शनं आणि थिएटरमधली भुलेची औषधं धरली तर तीन दिवसांत चाळीस सिरिंज लागू शकतात. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण कॅन्युला एकदा घातली की सहसा तीन-चार दिवस टिकते. बिलात चार दिसल्या, तर शीर सुजली का, नळी निघाली का, हे नर्सच्या नोंदीत असायला हवं. हातमोज्यांच्या ओळीत एकक पाहावं: नग, जोडी की शंभरांचा अख्खा डबा? डबा एका पेशंटच्या नावावर आणि त्यातले मोजे सगळ्या वॉर्डात, असं घडू शकतं.

'किट' हा शब्द दिसला की थांबावं. विमा नियामकाने न देण्याजोग्या वस्तूंची जी यादी केली आहे, तीत तपशील न दिलेल्या कुठल्याही किटचा स्पष्ट उल्लेख आहे. याच मार्गदर्शनात काही वस्तू खोलीभाड्यातच धरायच्या आहेत: पल्स ऑक्सिमीटर, हँडवॉश, फाइल उघडण्याचे पैसे, डिस्चार्जच्या कामाचे पैसे. कापूस, गॉज, चिकटपट्टी, सर्जिकल ब्लेड शस्त्रक्रियेच्या खर्चात. इन्फ्यूजन पंप आणि स्पिरिट उपचाराच्या खर्चात. हे नियम विमा कंपनीच्या देण्याघेण्यासाठी आहेत, त्यामुळे विमा नसलेल्या पेशंटला तो हक्क म्हणून सांगता येत नाही. तरी हे खर्च मुळात कशात मोडतात हे त्यातून दिसतं, आणि काउंटरवर एवढंही पुष्कळ असतं.

आता डिपॉझिट. दाखल होताना शिक्षिकाबाईंच्या यजमानांनी ४०,००० भरले. दुसऱ्या दिवशी वॉर्डातून निरोप आला, "आणखी वीस भरा," म्हणून धाकट्या दिरांनी फार्मसीच्या खिडकीवर २०,००० भरले. फायनल बिलात वजा झाले फक्त ४०,०००, आणि मागितले गेले ९८,४००. कुणी पैसे खाल्ले नव्हते. बऱ्याच ठिकाणी फार्मसीचं खातं वेगळं असतं, कधी तर फर्मच वेगळी असते. तिथला अ‍ॅडव्हान्स मुख्य बिलात आपोआप उतरत नाही. परत केलेल्या औषधांचंही तसंच. थिएटरसाठी मागवलेली आणि न वापरलेली इंजेक्शनं वॉर्डातून फार्मसीला परत जातात, पण त्यांची जमा नोंद डिस्चार्जनंतर पडली तर ती पेशंटच्या पदरात पडत नाही. म्हणून बिल भरण्याआधी दोन कागद मागावेत: सगळ्या पावत्यांचे क्रमांक असलेला खातेउतारा आणि फार्मसीचा इश्यू-रिटर्नचा तपशील.

दिरांनी नेमकं तेच केलं. सवाल-जवाब पाऊण तास चालला. आवाज मात्र कुणी चढवला नाही, कारण काउंटरवरच्या मुलीच्या हातात एक रुपयाही कमी करण्याचा अधिकार नसतो. ते बिलिंग मॅनेजरकडे गेले आणि चार मुद्दे कागदावर लिहून दिले. परत गेलेल्या औषधांचे २,६०० जमा झाले. लॅप किटची यादी मागितल्यावर त्यातली निर्जंतुक कापडं आणि मोजे कन्झ्युमेबल्समध्ये पुन्हा लावलेले निघाले. १,१०० कमी झाले. पहिल्या रात्रीनंतर मॉनिटर लावलाच नव्हता, हे नर्सच्या नोंदीवरून दिसलं, १,२०० गेले. डॉक्टरांनी डिस्चार्ज सकाळी अकराला लिहिला होता आणि उशीर कागदपत्रांचा होता, म्हणून चौथ्या दिवसाचं ४,००० भाडंही निघालं. बिल १,२९,५०० वर आलं, आणि दोन्ही डिपॉझिटं वजा जाऊन द्यायचे राहिले ६९,५००. मागितलेल्या रकमेपेक्षा २८,९०० कमी, त्यातले २०,००० त्यांचेच आधी भरलेले. एस्टिमेटपेक्षा ३४,५०० जास्त मात्र गेलेच. तेवढ्याला नोंदींचा आधार होता.

विमा असता तर चौथ्या दिवसाचा वाद दुसरीकडे वळला असता. २०२४च्या नियमानुसार रुग्णालयाची विनंती पोचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने कॅशलेस डिस्चार्जला अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि त्यापुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने लावलेला जादा खर्च कंपनीने सोसायचा असतो. टीपीए डेस्कने विनंती किती वाजता पाठवली, हे म्हणूनच विचारून ठेवावं. दुसरं असं, की पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर कंपनी इतर खर्चही त्या प्रमाणात कापते. ही कात्री औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावता येत नाही. मंजुरीच्या पत्रात ती लावलेली दिसली, तर लेखी हरकत घ्यावी.

मॅनेजरने दाद दिली नाही तर? महाराष्ट्रात जानेवारी २०२१मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. त्यानुसार खाट, थिएटर, नर्सिंग अशा पंधरा सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. दरपत्रकाचा फोटो दाखल होतानाच काढून ठेवलेला बरा. तपशीलवार बिल मिळणं हा हक्क आहे, आणि बिलाच्या वादापोटी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं.

बहुतेक घरं मात्र पैसे भरून पेशंटला आधी घरी नेतात, आणि ते चुकीचं नाही. फक्त भरताना बिलाच्या प्रतीवर "पुढील बाबींवर आक्षेप राखून रक्कम भरली" असं लिहून, बाबी नमूद करून, पोच घ्यावी, आणि त्याच रात्री रुग्णालयाला तसा ईमेल पाठवावा. केसपेपर, नर्सच्या नोंदी आणि ऑपरेशन नोट्सच्या प्रतींसाठी वेगळा अर्ज करावा. त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. डिपॉझिटच्या मूळ पावत्या मात्र काउंटरवर झेरॉक्स न काढता देऊ नयेत. परताव्याच्या वेळी रुग्णालय त्याच मागतं, आणि पैसे भरणाऱ्याच्या खात्यातच परत जातात, म्हणजे या घरात काही यजमानांच्या आणि काही दिरांच्या.