एका मुठीचा शोध

पुण्याच्या रविवार पेठेतली बोहरी आळी म्हणजे खिळ्यापासून कुलपापर्यंत सगळं मिळणारी जागा. माझी एक मैत्रीण तिथल्या एका दुकानात पितळी मूठ शोधत होती. तिच्या आजीचं सागवानी कपाट १९४०च्या दशकातलं. वर दोन दारं, खाली दोन खण आणि चार सारख्या पितळी मुठी. घर बदलताना डाव्या दाराची मूठ गळून पडली आणि सामानात कुठेतरी गेली. तिचा बोल्ट तेवढा दारातच राहिला. तिने तो काढला, एका खणाची शिल्लक मूठही सोडवली आणि दोन्ही पिशवीत टाकून दुकान गाठलं.

दुकानदाराने नमुन्याची मूठ हातात घेतली, वर-खाली फिरवून पाहिली आणि ट्रेमधल्या चार-पाच मुठी काउंटरवर मांडल्या. त्यांतली एक जवळजवळ तशीच होती: वर अळंबीसारखी टोपी, मधे बारीक मान, खाली गोल बैठक. मैत्रिणीने लगेच जुना बोल्ट तिच्यात फिरवायला घेतला. दोन-अडीच वेढे सहज गेले आणि बोल्ट अडला. तेलाचा थेंब टाकून जोर लावावा असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, “ताई, जोर नका लावू. मुठीचे आटे जातील. तुमचा बोल्ट इंची आहे, आमची मूठ एमएमची.”

जुनी मूठ बदलायला निघालेले बहुतेक लोक अडकतात ते इथेच. मूठ दिसायला जुळते, बोल्ट सुरुवातीला आत जातो, म्हणून माप बरोबर आहे असं वाटतं. दोष असतो तो आट्यांच्या अंतरात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांची मापं इंचांत ठरवून दिली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. आपल्याकडे इंग्रजांबरोबर हीच इंची पद्धत आली. मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या फर्निचरचे बोल्ट बहुधा इंचीच सापडतात. आज दुकानातल्या कपाटाच्या मुठी बहुतेक करून ‘एम-फोर’ बोल्टच्या असतात, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या. मैत्रिणीचा जुना बोल्ट होता पाच बत्तिसांश इंचाचा, म्हणजे ३.९७ मिलिमीटर. जाडीतला हा फरक बोटांना तर कळत नाहीच, दुकानातल्या साध्या पट्टीलाही कळत नाही.

पण जुन्या बोल्टवर एका इंचात ३२ आटे आहेत. दोन आट्यांमधलं अंतर सुमारे ०.८ मिलिमीटर. एम-फोरमध्ये तेच अंतर ०.७ मिलिमीटर. प्रत्येक वेढ्याला दशांश मिलिमीटरची चूक साठत जाते आणि दोन-तीन वेढ्यांत आटे एकमेकांना अडवतात. मग जोर लावला की पोलादी बोल्ट पितळेचे मऊ आटे कापत आत जातो. त्या वेळी मूठ घट्ट बसल्यासारखी वाटते, पण काही दिवसांत हातात येते आणि नंतर कोणताच बोल्ट ती धरत नाही.

ही तपासणी घरीच होते. बोल्टच्या शेजारी शाळेची पट्टी धरायची आणि एका आट्याच्या टोकापासून पुढचे दहा आटे मोजायचे. अंतर ७ मिलिमीटर भरलं तर बोल्ट एम-फोर. जवळजवळ ८ भरलं तर पाच बत्तिसांश इंची. एक आटा मोजून हा फरक दिसत नाही, दहा मोजले की स्वच्छ दिसतो. आणि जो बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरत नाही, तो त्या मुठीचा नाही, एवढं धरून चालावं.

आता कोणी म्हणेल, नव्या मुठीबरोबर नवा बोल्ट येतोच की, तोच लावावा. मैत्रिणीलाही दुकानदाराने तोच दिला. तो होता २५ मिलिमीटर लांबीचा. हल्लीच्या प्लायवूडच्या दारांची जाडी साधारण १८ ते १९ मिलिमीटर असते, तिथे तो पुरतो. आजीच्या कपाटाचं दार मात्र सात सुती. सुताराच्या हिशेबात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे दाराची जाडी झाली २२ मिलिमीटर. २५ मधून २२ गेले की मुठीच्या आत शिरायला उरतात जेमतेम ३ मिलिमीटर. एवढ्यावर मूठ बसते खरी, पण पावसाळ्यात फुगलेलं दार ओढताना आटे सोडून बाहेर येते.

म्हणून बोल्टची लांबी काढताना दाराच्या जाडीत ६ ते ८ मिलिमीटर मिळवायचे. मैत्रिणीला ३० मिलिमीटरचा एम-फोर बोल्ट हवा होता, आणि तो सुटा सहज मिळाला. उलट चूकही होते. बोल्ट लांब पडला तर मुठीतल्या भोकाच्या तळाला टेकतो आणि मूठ दाराला चिकटण्याआधीच थांबते. मग ती कितीही आवळली तरी जागच्या जागी डुगडुगते. नव्या मुठीतलं भोक किती खोल आहे हे काडी घालून पाहून घ्यावं. दुकानातल्या मुठीत काडी १० मिलिमीटर गेली, आपल्याला लागत होते ८. हिशेब जमला.

धातूचा प्रश्न राहिला. ट्रेमधल्या सगळ्याच मुठी पिवळ्या, पण सगळ्या पितळी नव्हत्या. मैत्रिणीने पर्समधलं लोहचुंबक काढलं, आणि एकही मूठ चिकटली नाही. त्याने फक्त लोखंडावर मुलामा दिलेल्या मुठी बाजूला पडतात. हल्ली पुष्कळ मुठी जस्ताच्या मिश्रधातूत ओतून वर पितळी रंग चढवलेल्या असतात, आणि जस्तही चुंबकाला चिकटत नाही. तिथे वजन उपयोगी पडतं. पितळेचं एक घन सेंटिमीटर साधारण साडेआठ ग्रॅम भरतं, जस्ताच्या मिश्रधातूचं पावणेसात ग्रॅमच्या आसपास. खिळे विकणाऱ्या दुकानात वजनकाटा असतोच. बोल्ट काढून जुनी मूठ ठेवली, ५१ ग्रॅम. तिच्याच आकाराची चकचकीत मूठ ठेवली, ४० ग्रॅम. आकार सारखा आणि वजन पाचव्या भागाने कमी, म्हणजे ती पितळी नाही. मात्र पितळी मूठही पत्रा दाबून केलेली, आतून पोकळ असू शकते आणि तीही हलकी भरते. शंका असेल तर दुकानदाराला विचारून बैठकीच्या खालच्या बाजूला कानशीचा हलका घास मारावा. आत पिवळा रंग दिसला तर पितळ, करडा-पांढरा दिसला तर जस्त. दुकानदाराने मग आतल्या खोक्यातून ओतीव पितळेची मूठ काढून दिली.

घेण्याआधी मैत्रिणीने बैठक मोजली हे बरं केलं. जुन्या मुठीची बैठक २९ मिलिमीटर रुंद होती. इतकी वर्षं मूठ जिथे टेकली होती तिथलं लाकूड फिकं राहिलेलं असतं आणि भोवती पॉलिशची कड धरलेली असते. नवी बैठक लहान असली तर तो गोल डाग बाहेर डोकावतो आणि सगळ्या दाराला पॉलिश करावं लागतं. नवी बैठक ३० मिलिमीटरची होती, डाग झाकला गेला. माथ्याची नक्षी थोडी वेगळी असली तर नजर चालवून घेते, उघडा पडलेला डाग मात्र लपवता येत नाही.

आता रंग. जुन्या मुठी तपकिरी झालेल्या आणि नवी सोन्यासारखी. अशा वेळी घरोघरी जुन्या मुठी चिंचेने घासून नवीसारख्या करतात, पण ते फार दिवस टिकत नाही. कारण नव्या पितळेवर बहुधा पारदर्शक लॅकर असतं. जुन्या मुठी पुन्हा काळवंडतात, नवी तशीच झगमगत राहते. उपाय उलटा करायचा. विस्तवापासून लांब, खिडकी उघडी ठेवून, ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने नव्या मुठीवरचं लॅकर काढायचं. सगळं निघालं की नाही ते चिंचेचा कोळ चोळून कळतं. जिथे लॅकर शिल्लक असतं तिथे चिंच काहीच करत नाही आणि मूठ चट्ट्यापट्ट्यांची दिसते. काही जाड लेप ॲसिटोनला दाद देत नाहीत, म्हणून विकत घेतानाच ‘बिनलॅकरची आहे का’ असं विचारलेलं बरं. लॅकर गेलं की हवा, हात आणि एक पावसाळा मिळून रंग खाली आणतात.

काही जण घाईने अमोनियाच्या वाफेत पितळ काळं करतात. ते करू नये. ती वाफ डोळ्यांना आणि छातीला त्रास देते, आणि ठोकून किंवा दाबून घडवलेलं पितळ तिने तडकूही शकतं. हा धडा हिंदुस्थानातच मिळाला होता. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकत. कारण घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हे १९२१ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं.

सगळं जमलं तरी नवी मूठ हुबेहूब नव्हतीच. मान किंचित जाड, टोपी किंचित चपटी. त्यावर दुकानदाराने सांगितलेली युक्ती कामाची होती: “नवी मूठ दाराला लावू नका. खालच्या खणाला लावा, तिथली जुनी वर आणा.” शेजारी-शेजारी असलेल्या दोन दारांच्या मुठी डोळे न ठरवता ताडून पाहतात. गुडघ्याच्या उंचीवरच्या खणाकडे कोणी तसं पाहत नाही. वर आणलेल्या जुन्या मुठीला तिचा इंचीच बोल्ट लावला आणि नवीला नवा एम-फोर. दोन्ही बोल्ट एकाच जाडीचे, त्यामुळे लाकडातलं भोक बदलावं लागलं नाही. खणाची समोरची फळी दाराएवढीच जाड आहे हे मात्र आधी पाहून घेतलं होतं.

हुबेहूबच हवी असेल तर दोन वाटा आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुन्या फर्निचरच्या मुठी मिळतात, तिथे इंची आटे मिळण्याची शक्यता अधिक. दुसरी वाट लेथवाल्याची. नमुना दिला तर तो पितळेच्या सळईतून तशीच मूठ कातून देतो आणि हवे ते आटे पाडतो. एकाच नगासाठी ती महाग पडते, पण गोल, बिननक्षीच्या मुठीला याहून चांगला उपाय नाही. नक्षी असेल तर मात्र ओतून घ्यावी लागते.

तेव्हा दुकानात जाताना मोबाइलमधला फोटो पुरेसा नाही. जुनी मूठ, तिचा बोल्ट आणि दाराची जाडी लिहिलेला कागद बरोबर न्या. आणि एकच मूठ हवी असली तरी दोन घ्या. पुढची मूठ हरवेल तेव्हा त्या दुकानात हा नमुना येत असेलच असं नाही.