टाकी किती मोठी? आधी उपसा कधी ते ठरवा

नाशिकपासून तासाभराच्या वाटेवर सिन्नर आहे. तिथल्या नगरपरिषदेने घरोघरच्या सेप्टिक टँकचा उपसा ठरलेल्या फेरीने करायची पद्धत घातली: टाकी तुंबली की फोन करायचा असे नाही, दर तीन वर्षांनी गाडी आपणहून दारात येते. साताऱ्याच्या वाईतही हेच घडले. या तीन वर्षांचा हिशेब खरे तर टाकी बांधतानाच मांडायला हवा. आपल्याकडे गवंडी आधी जागा बघतो, मग टेप लावतो. किती माणसे आणि किती वर्षे, हे क्वचितच विचारतो.

हिशेब भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० (भाग १, १९८५) मध्ये आहे आणि तो समजायला अवघड नाही. टाकीत तीन कामांसाठी जागा लागते. आलेले पाणी शांत होऊन जड भाग खाली बसायला एक, बसलेला मैला जिवाणूंनी कुजवायला दुसरी आणि कुजून उरलेला गाळ पुढच्या उपशापर्यंत सांभाळायला तिसरी.

दहा माणसांचे घर घेऊ. शौचालये दोन, म्हणजे एकाच वेळी येणारा जास्तीत जास्त प्रवाह मिनिटाला १८ लिटर धरतात. मिनिटाला दहा लिटरमागे ०.९२ चौरस मीटर पृष्ठभाग हवा, म्हणून इथे १.६६ चौरस मीटर. त्यावर ३० सेंटिमीटर खोली धरली की सुमारे ५०० लिटर. कुजवण्यासाठी माणशी ३२, म्हणजे ३२० लिटर. राहिला गाळ. तो माणशी रोज जेमतेम ०.२ लिटर साठतो, पण वर्षाचे ७३ लिटर होतात आणि दहा माणसांचे तीन वर्षांत २,१९० लिटर.

बेरीज ३,०१० लिटर. त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग निव्वळ गाळाचा आहे. उपसा दरवर्षी करणार असाल तर दीड हजार लिटरवर भागते. पाच वर्षांनी करणार असाल तर साडेचार हजार लागतात. म्हणूनच ‘मोठी टाकी बांधली, आता कटकट नाही’ हे मला पटत नाही. मोठ्या टाकीत गाळ उशिरा भरतो, इतकेच.

आता माप. २.२ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.४ मीटर घेतली तर ३,०८० लिटर मिळतात. लांबी रुंदीच्या दोन ते चार पट असावी, ती अट पाळली जाते. पाण्यावर ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून भिंतीची उंची १.७ मीटर झाली. दोन हजार लिटरच्या वरच्या टाकीत मध्ये आडभिंत घालतात, आवकेच्या बाजूने दोन तृतीयांश लांबीवर. ती साडेचार इंची, म्हणून आतली लांबी २.३२ मीटर धरू. ही मापे गिलावा झाल्यावरची आहेत, हे गवंड्याला आधी सांगावे.

बाहेरच्या भिंती नऊ इंची. इथे नेहमीची चूक म्हणजे बाहेरची परिमिती मोजणे: ती ८.४८ मीटर भरते आणि चारही कोपरे दोनदा मोजले जातात. भिंतीच्या मध्यरेषेने मोजले तर लांबी ७.५६ मीटर. ७.५६ × ०.२३ × १.७ म्हणजे २.९६ घनमीटर. आडभिंतीचे, तिच्यातले पाण्याचे मार्ग सोडून, सुमारे ०.१७, एकूण ३.१३. चुकीच्या मोजणीत दीडशेवर विटा उगाच लागतात.

विटांचा आकडाही तपासून घ्यावा. घनमीटरला ५०० विटा हे पाठ झालेले गणित १९ सेंटिमीटरच्या मॉड्युलर विटेचे आहे. नऊ इंची वीट सांध्यासकट धरली तर घनमीटरला ४३५ च्या आसपास लागतात. म्हणजे १,३६०, आणि तुटफूट पाच टक्के धरून १,४३०. एकास चार मसाल्याला सहा पोती सिमेंट आणि पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त वाळू लागेल. आतून-बाहेरून किमान १२ मिलिमीटर, एकास तीन गिलावा याशिवाय. तळाचे काँक्रीट आणि वरचा स्लॅब वेगळा.

कागदावरची तीन वर्षे घरात खरी ठरतातच असे नाही. पाहुण्यांचा राबता असेल तर गाळ लवकर भरतो. अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी याच टाकीत सोडले तर मैला खाली बसायच्या आत वाहून जातो. नाशिककडच्या काळ्या जमिनीत पाणी मुळातच हळू मुरते. त्यात असा गाळ शोषखड्ड्यात गेला की मातीची छिद्रे बुजतात आणि अंगणात ओल दिसू लागते. मग लोक दोष शोषखड्ड्याला देतात.

खरे कळायला लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून झाकणातून तळापर्यंत सोडावी आणि हळू वर काढावी. काळा पट्टा गाळाची उंची दाखवतो. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्यावर गेली, म्हणजे इथे ७० सेंटिमीटर, की गाडी बोलवावी. झाकण उघडल्यावर वाकून आत डोकावू नये, कारण आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होतो. माणसाला टाकीत उतरवणे तर जीवघेणे आहेच, शिवाय संरक्षक साधनांविना तसे करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसताना तळाशी थोडा गाळ मुद्दाम ठेवायला सांगावे, त्यातल्या जिवाणूंमुळे नव्या मैल्याचे कुजणे लगेच सुरू होते.