कर्ज फिटलं, आता कागद मागा

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरला की माणूस मोकळा श्वास घेतो. पण घर खऱ्या अर्थाने मोकळं व्हायला अजून तीन गोष्टी बाकी असतात: थकबाकी नसल्याचा दाखला, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं आणि सरकारी नोंदींमधला बोजा उतरणं. बऱ्याच जणांना पहिली गोष्ट मिळते आणि ते तिथेच थांबतात. मग दहा वर्षांनी घर विकायला काढल्यावर मूळ करारनामा कंपनीच्याच कपाटात राहिल्याचं कळतं. म्हणून कर्ज फिटल्याच्या आठवड्यातच या तिन्हींची लेखी मागणी करावी, असं माझं ठाम मत आहे.

या मागणीला आधारही भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी परिपत्रक काढलं आणि 1 डिसेंबर 2023 पासून ते लागू केलं. बँकांप्रमाणेच फायनान्स कंपन्या आणि गृहवित्त कंपन्याही त्याने बांधल्या गेल्या. पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत करायची आणि बोजाच्या नोंदी काढायच्या. कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे. मात्र हा नियम व्यक्तिगत कर्जांचा आहे. त्यात गृहकर्ज येतं, पण धंद्यासाठी घर तारण ठेवून उचललेलं कर्ज त्यात धरून चालू नये.

समजा, एका कर्जदाराने 5 ऑगस्ट 2025 रोजी उरलेली सगळी रक्कम भरली. त्याचं पत्र असं असावं:

प्रति, शाखा व्यवस्थापक
विषय: गृहकर्ज खाते क्र. ……, थकबाकी नसल्याचा दाखला व मूळ कागदपत्रे परत मिळण्याबाबत

महोदय,
वरील खात्याची संपूर्ण रक्कम मी दि. 5/8/2025 रोजी भरली आहे. पावती व खातेउतारा सोबत जोडला आहे. कृपया थकबाकी नसल्याचा दाखला द्यावा, सोबतच्या यादीतील सर्व मूळ कागदपत्रे दि. 4/9/2025 पर्यंत परत करावीत आणि सरसाईसह सर्व ठिकाणची तारणाची नोंद रद्द करून त्याचा पुरावा द्यावा. माझे न वापरलेले धनादेश परत करावेत व बँक खात्यावरील हप्ताकपातीची परवानगी रद्द करावी. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या दि. 13/9/2023 च्या परिपत्रकानुसार भरपाई द्यावी. कागदपत्रे मी याच शाखेतून घेईन.
आपला,
(सही)

पत्राचं बळ तारखेत आणि यादीत आहे. तारीख दिली नाही तर कंपनी ‘मुख्य कार्यालयातून मागवलंय’ म्हणत दिवस ढकलते. यादी कर्ज घेताना मिळालेल्या कागदपत्रांच्या पोचवरून करावी. नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक 2, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि जुन्या मालकांचे करारनामे, प्रत्येकाचा दस्त क्रमांक आणि तारीख लिहावी. गहाळ होतात ते बहुधा जुन्या मालकांचे करारनामे, कारण त्यांची आठवण कोणाला राहत नाही. पोच सापडत नसेल तर कंपनीकडेच यादीची प्रत मागावी.

पत्र शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी, किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावं. ईमेलही करावा. फोनवरचं आश्वासन पुढे कुठेही दाखवता येत नाही.

याच उदाहरणात कागदपत्रं 24 सप्टेंबरला मिळाली आणि उशीर कंपनीचाच असेल, तर 20 दिवसांचे 1,00,000 रुपये होतात. एखादा मूळ दस्त कंपनीकडून हरवला असेल, तर त्याची प्रमाणित प्रत मिळवून देण्यास मदत करणं आणि त्याचा खर्च उचलणं हे तिचंच काम आहे. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. म्हणजे इथे 4 ऑक्टोबरनंतरच्या दिवसांची भरपाई लागते.

कागद हातात घेताना घाई नको. प्रत्येक दस्त मूळच आहे ना आणि पानं पूर्ण आहेत ना, हे यादीशी ताडून पाहावं. एखादा कमी असेल तर पावतीवर स्वतःच्या हाताने ‘अमुक दस्त मिळाला नाही’ असं लिहून मगच सही करावी. ‘सर्व मिळाले’ या छापील ओळीखाली केलेली सही पुढे भरपाई मागताना आड येते.

गावाकडच्या जमिनीवर बोजा असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली नोंद आपोआप जात नाही. दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा.

तक्रार करूनही 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर योजनेत येणाऱ्या फायनान्स कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे जावं. दोन्हीकडे पत्राची शिक्क्याची प्रत जोडावी.