साखळी तुटते कुठे?

पर्यावरण रसायनशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये एक प्रश्न मी दरवर्षी देते: क्लोरीन रॅडिकलमुळे ओझोनचा नाश कसा होतो, ते साखळी अभिक्रिया म्हणून समजावून सांगा. मुलं सुरुवात छान करतात. शीतपेट्यांमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांमध्ये वापरलेला क्लोरोफ्लुरोकार्बन जमिनीजवळ कशाशीच झगडत नाही. पावसात तो विरघळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तरंगत वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर पोचतो. तिथे ओझोनचं छत्र विरळ झालेलं असतं आणि तीव्र अतिनील किरण त्याचा एक बंध तोडतात:

CF2Cl2 + अतिनील प्रकाश → CF2Cl• + Cl•

डोक्यावरचा तो ठिपका म्हणजे जोडीविना राहिलेला एक इलेक्ट्रॉन. त्याच्यामुळेच क्लोरीनचा हा एकटा अणू इतका उतावीळ असतो. पुढच्या दोन पायऱ्या म्हणजे साखळीचा गाभा:

Cl• + O3 → ClO• + O2
ClO• + O → Cl• + O2

दोन्ही ओळींची बेरीज करून पाहा. Cl• डावीकडे आहे तसाच उजवीकडेही आहे, ClO• सुद्धा. दोन्ही कटले की उरतं O3 + O → 2O2. ओझोन गेला, क्लोरीन मात्र पहिल्यासारखाच मोकळा. पुष्कळ मुलं पहिल्या ओळीवरच थांबतात आणि 'क्लोरीन ओझोनशी संयोग पावतो' असं लिहून मोकळी होतात. तसं असतं तर एका क्लोरीनमागे एकच ओझोन गेला असता आणि कुणाला काळजी करायचं कारण नव्हतं. दुसरी ओळ आहे म्हणून एक अणू निकामी होण्याआधी साधारण एक लाख ओझोन रेणू संपवतो.

खरी चूक होते ती शेवटी. साखळीचा शेवट म्हणून बहुतेक वह्यांत Cl• + Cl• → Cl2 असं लिहिलेलं असतं. मिथेनच्या क्लोरिनेशनच्या धड्यातून ते जसंच्या तसं उचललेलं असतं. काचेच्या भांड्यात ते ठीक आहे. वर मात्र क्लोरीनचे मोकळे अणू इतके विरळ असतात, की एकाची दुसऱ्याशी गाठ पडायच्या कितीतरी आधी त्याला दुसरं काहीतरी भेटतं. शिवाय Cl2 तयार झालाच, तर दिवसाच्या प्रकाशात तो लगेच फुटतो. हा शेवट म्हणावाच कसा?

खरा अडथळा येतो दुसऱ्याच दोन वायूंकडून:

Cl• + CH4 → HCl + CH3•
ClO• + NO2 → ClONO2

HCl आणि क्लोरीन नायट्रेट ओझोनला हात लावत नाहीत. क्लोरीन तिथे कुलुपात बसतो. एरवी स्थितांबरातला बराचसा क्लोरीन याच दोन रूपांत असतो, म्हणून नुसत्या वरच्या समीकरणांवरून वाटावा तेवढा ऱ्हास होत नाही. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 मध्ये हा धोका मांडला, तेव्हाचे अंदाज हळूहळू होणाऱ्या ऱ्हासाचे होते.

पण 1985 मध्ये जो फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरची मापं प्रसिद्ध केली. तिथला ऑक्टोबरमधला ओझोन पूर्वी सुमारे 300 डॉबसन असायचा, तो 200 च्या आसपास आला होता. आणि तो कमी झाला होता खालच्या थरात, जिथे दुसऱ्या ओळीला लागणारा मोकळा ऑक्सिजन अणू फारसा नसतोच. पाठ केलेली साखळी इथे चालत नाही.

उलगडा थंडीत सापडला. ध्रुवीय रात्रीत तापमान उणे 78 अंशांच्या खाली गेलं की स्थितांबरात विरळ ढग बनतात, आणि त्यांच्या कणांवर ही दोन्ही कुलुपं एकमेकांची किल्ली होतात:

HCl + ClONO2 → Cl2 + HNO3

नायट्रिक आम्ल ढगाच्या कणांत अडकून राहतं, म्हणजे पुन्हा कुलूप लावायला NO2 उरत नाही. Cl2 मात्र अंधारात साचत जातो. सप्टेंबरमध्ये सूर्य वर आला की तो फुटतो आणि मग ClO• इतका वाढतो की दोन ClO• एकत्र येऊन Cl2O2 होतो. प्रकाशाने त्यातून दोन्ही क्लोरीन अणू सुटतात. ऑक्सिजनच्या मोकळ्या अणूशिवाय साखळी फिरू लागते आणि दोन ओझोनांचे तीन ऑक्सिजन होतात.

म्हणून उत्तर लिहिताना समाप्तीच्या पायरीपुढे 'तात्पुरती' हा शब्द लिहा. त्याचे गुण मी वेगळे देते. क्लोरोफ्लुरोकार्बनांवर मर्यादा घालणारा माँट्रियल करार 1987 मध्ये झाला, पण वर दिलेल्या CF2Cl2 चं हवेतलं आयुष्य सुमारे शंभर वर्षांचं आहे. त्या काळच्या फ्रिजमधून सुटलेला बराचसा वायू आजही हवेत आहे.