उत्तर न देणाऱ्यांना लिहिलेलं पत्र

२००७-०८ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे १७ हजार जणांची निवड तिथल्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने केली. २००९ साली त्यांना विचारलं गेलं, २०१२ साली पुन्हा, आणि २०१८ साली आणखी एकदा: सध्या काय करता, पगार किती, शिक्षणासाठी काढलेलं कर्ज किती फिटलं, पुढे शिकलात का? ‘बॅकलॉरिएट अँड बियाँड’ नावाच्या या अभ्यासमालिकेची पहिली तुकडी १९९२-९३ सालच्या पदवीधरांची होती आणि त्यांचा माग २००३ पर्यंत काढला गेला. तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठायची, हा अशा अभ्यासाचा पाया असतो. एक माणूस सुटला की त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही, कारण त्या दुसऱ्याची आधीची उत्तरं कुणाकडेच नसतात.

म्हणून अशा अभ्यासात सगळ्यात काळजीने लिहिला जाणारा मजकूर पहिल्या निमंत्रणाचा नसतो. ज्यांच्याकडून उत्तर आलेलं नाही, त्यांना पाठवायच्या स्मरणपत्राचा असतो.

तो लिहिण्याआधी एका प्रश्नाचा उलगडा करावा लागतो: उत्तर का आलं नाही? जेम्स लेपकोव्स्की आणि मिक कूपर या अभ्यासकांनी २००२ साली याचे तीन टप्पे वेगळे करून मांडले. आधी माणूस सापडायला हवा, मग त्याच्याशी संपर्क व्हायला हवा आणि शेवटी त्याने होकार द्यायला हवा. नुकत्याच पदवीधर झालेल्यांच्या बाबतीत पहिल्याच टप्प्यावर फार गळती होते. महाविद्यालयाने दिलेला ईमेल बंद पडतो, वसतिगृहाची खोली सुटते, नोकरीपायी गाव बदलतं, फोन नंबर बदलतो. बंद पडलेल्या ईमेलवर दहा स्मरणपत्रं गेली तरी त्या पदवीधराला एकदाही कुणी विचारलेलं नसतं. त्यामुळे जाणते लोक स्मरणपत्र पाठवण्याआधी परत आलेल्या ईमेलची यादी बाजूला काढतात. आई-वडिलांचा पत्ता पहिल्याच फेरीत विचारून ठेवलेला असतो, तो इथे उपयोगी पडतो. अमेरिकेत टपाल खात्याकडे पत्ते बदलणाऱ्यांची नोंद असते, तीही ताडून पाहिली जाते. स्मरणपत्राची खरी गरज उरते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावरच्या लोकांना, म्हणजे ज्यांनी निमंत्रण पाहिलंच नाही किंवा पाहून ‘नंतर बघू’ म्हणून ठेवून दिलं, त्यांना.

स्मरणपत्रांचं शास्त्र ज्यांनी घडवलं ते डॉन डिलमन हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. १९७८ सालच्या त्यांच्या पुस्तकात टपालाने होणाऱ्या सर्वेक्षणाचं वेळापत्रक दिलेलं आहे. प्रश्नावली गेल्यावर एका आठवड्याने एक पोस्टकार्ड जातं. ते सगळ्यांना जातं. ज्यांनी उत्तर पाठवलं त्यांच्यासाठी ते आभार असतात, ज्यांनी नाही त्यांच्यासाठी आठवण. तिसऱ्या आठवड्याअखेर उत्तर न आलेल्यांना नवं पत्र आणि प्रश्नावलीची नवी प्रत जाते, कारण पहिली प्रत तोवर कुठेतरी हरवलेली असते. सातव्या आठवड्याच्या सुमारास शेवटचं पत्र, तेही पोचपावतीच्या टपालाने. ईमेल आणि एसएमएसच्या काळात हे अंतर आठवड्यांवरून दिवसांवर आलं आहे, कारण ईमेलवरची बहुतेक उत्तरं पहिल्या दोन-तीन दिवसांतच येऊन जातात. वेळापत्रकामागचा विचार मात्र जुना झालेला नाही. दर खेपेचं पत्र आधीच्यापेक्षा वेगळं दिसलं पाहिजे आणि त्यात काहीतरी नवं सांगितलं पाहिजे. ज्या मजकुराने पहिल्यांदा हात हलला नाही, तोच मजकूर वरती ‘स्मरण’ असा शब्द टाकून पुन्हा पाठवला तर हलण्याचं काही कारण नसतं.

तरीही बहुतेक स्मरणपत्रं अशी असतात: ‘आपणास दिनांक ३ रोजी प्रश्नावली पाठविण्यात आली होती. अद्याप आपला प्रतिसाद प्राप्त झालेला नाही. तरी त्वरित भरून पाठवावी.’ विजेच्या थकलेल्या बिलाची नोटीस असावी तसं हे वाचायला वाटतं. ज्याची चूक नाही त्याला चूक दाखवली जाते, भरण्याचं कारण दिलं जात नाही आणि वेळ किती जाईल हेही सांगितलं जात नाही. चार वर्षं नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मुलाने असं पत्र उघडलं, तर तो ते बंद करणार हे उघड आहे.

त्याच मुलाला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येतं: ‘तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या पहिल्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. आता पुढचे प्रश्न आहेत, साधारण पंधरा मिनिटं लागतील. तुम्ही नोकरीत असा, नोकरी शोधत असा, पुढे शिकत असा किंवा घरची जबाबदारी सांभाळत असा, तुमचं उत्तर आम्हाला तितकंच हवं आहे. आतापर्यंत उत्तरं देणाऱ्यांत नोकरीत असलेलेच जास्त आहेत, त्यामुळे चित्र अपुरं राहिलं आहे. खालची लिंक फक्त तुमच्यासाठी आहे. भाग घ्यायचा नसेल तर तसं कळवा, आम्ही पुन्हा लिहिणार नाही. उत्तर आधीच पाठवलं असेल तर मनापासून आभार.’

या मजकुरातलं सगळ्यात मोलाचं वाक्य नोकरीबद्दलचं आहे. पदवीधरांच्या अभ्यासात गप्प बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या मनात एकच असतं: सांगण्यासारखं आपल्याकडे काही नाही. हा अभ्यास यशस्वी लोकांचा आहे, असा त्यांचा समज असतो आणि निमंत्रणातल्या ‘तुमच्या करिअरबद्दल सांगा’ या शब्दांनी तो आणखी घट्ट होतो. ‘मागच्या वेळी उत्तर दिलं होतं’ हे वाक्यही जपून वापरावं लागतं. ज्याने मागच्या फेरीत उत्तर दिलंच नव्हतं, त्याला ‘आजवरच्या सहकार्याबद्दल आभार’ असं पत्र गेलं तर पाठवणाऱ्याला आपण कोण हेही ठाऊक नाही, हे त्याला लगेच कळतं. म्हणून मागच्या फेरीत असलेले आणि नसलेले, अशा दोघांसाठी दोन वेगळे मजकूर ठेवले जातात. यादी त्याच दिवशी सकाळी ताजी करावी लागते. रात्री उत्तर भरलेल्याला दुपारी ‘उत्तर आलं नाही’ असं पत्र गेलं, तर तो चिडतो. एकदाच होणाऱ्या सर्वेक्षणात ते निभावतं. इथे मात्र तीन वर्षांनी पुन्हा त्याच माणसाचं दार ठोठवायचं असतं.

आता स्मरणपत्राने नेमकं काय बदलतं, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका विद्यापीठाने हजार पदवीधरांना विचारलं, ‘नोकरी आहे का?’ पहिल्या निमंत्रणाला ३०० उत्तरं आली, त्यांतले २४० जण नोकरीत होते, म्हणजे ८० टक्के. इथेच थांबलं तर ‘आमचे ८० टक्के पदवीधर नोकरीत’ अशी जाहिरात छापता येते. पुढच्या तीन स्मरणपत्रांनी आणखी २५० जण आले, त्यांत नोकरीत असलेले १६५, म्हणजे ६६ टक्के. दोन्ही मिळून ५५० पैकी ४०५ जण नोकरीत. प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास उतरलं. हा उतार हीच धोक्याची खूण आहे. उशिरा आलेले जर लवकर आलेल्यांपेक्षा इतके वेगळे असतील, तर अजिबात न आलेले ४५० कसे असतील?

याचं उत्तर काढण्याची वाट अमेरिकेच्या जनगणना विभागातल्या मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ साली दाखवली. सगळ्या ४५० जणांमागे धावू नये. त्यांतले ९०, म्हणजे पाचातला एक, चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि सगळी शक्ती त्यांच्यावर लावावी. फोन करावेत, शक्य असेल तर घरी जावं. समजा त्या ९० पैकी ४५ जण नोकरीत निघाले. प्रत्येक जण पाच जणांच्या वतीने बोलतो, म्हणून ४५ चे २२५ झाले. आधीचे ४०५ मिळवून ६३०. खरा आकडा ६३ टक्क्यांच्या जवळपास आहे आणि जाहिरातीतला ८०. मात्र प्रत्यक्षात त्या ९० पैकीही काही जण शेवटपर्यंत सापडत नाहीत आणि तेवढी अनिश्चितता उरतेच.

स्मरणपत्रांची संख्या वाढवत नेणं हा यावर उपाय नाही. रॉबर्ट ग्रोव्ह्ज यांनी २००६ साली अनेक सर्वेक्षणांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले. उत्तरांचं प्रमाण कमी म्हणजे चूक जास्त, असं सरळ नातं त्यांना दिसलं नाही. पाचव्या स्मरणपत्राने जर पुन्हा नोकरीतलेच लोक आले, तर टक्का वाढतो आणि चूक आहे तिथेच राहते. म्हणून उत्तर देणाऱ्यांपेक्षा जे सर्वात वेगळे दिसतात, त्यांच्यावर जास्त श्रम आणि पैसा खर्च करण्याची पद्धत आली. ‘वेगळेपणा’ मोजण्यासाठी शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या अशा अभ्यासांत जे माप वापरलं गेलं, ते प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ साली मांडलेलं अंतर आहे. वय, विषय, गुण, कर्ज अशी ज्ञात माहिती घ्यायची आणि उत्तर न दिलेला माणूस उत्तर देणाऱ्यांच्या समूहापासून किती दूर आहे, ते काढायचं. जो दूर, त्याला आधी फोन, थोडा जास्त मोबदला किंवा छोटी प्रश्नावली.

मोबदल्याबाबत एक गोष्ट अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. उत्तर दिल्यावर पैसे देण्याच्या आश्वासनापेक्षा पत्रासोबत आधीच पाठवलेली छोटी रक्कम जास्त उत्तरं आणते. ‘भाग्यवान विजेत्याला टॅबलेट’ छापाच्या सोडतीला त्यामानाने फारसं फळ येत नाही.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण महाराष्ट्रातली महाविद्यालयंही आज याच कामात आहेत. एनआयआरएफ क्रमवारीसाठी किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, मधला पगार किती आणि पुढे किती शिकले, ही माहिती द्यावी लागते. नॅकच्या मूल्यांकनातही विद्यार्थ्यांच्या पुढच्या वाटचालीची नोंद मागतात. व्हॉट्सअॅपच्या गटावर फॉर्मची लिंक टाकली की ज्यांना ऑफर लेटर मिळालं ते भराभर भरतात. बाकीचे गप्प राहतात आणि आकडा जमला म्हणून काम तिथेच थांबतं. शिकवणाऱ्यांना आपल्या अभ्यासक्रमात काय कमी पडलं, ते मात्र त्या गप्प राहिलेल्यांनाच ठाऊक असतं.

हे काम करणाऱ्या प्राध्यापकांनी यंदा एवढं करून पाहावं: न आलेल्यांमधून वीस नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत आणि प्रत्येकाला स्वतः फोन लावावा. आणि ज्या पदवीधराच्या फोनवर असं स्मरणपत्र न उघडता पडलं आहे, हाती अजून नोकरी नाही, त्याने ते आज उघडावं आणि ‘नोकरी नाही’ असंच लिहून पाठवावं.